बाळाच्या पलंगाचा फोटो : उशी, लोड आणि कापडी हत्ती ठेवून तान्ह्या बाळाला झोपवावे का?

वसुधा_मिरज (१० डिसेंबर, रात्री ९:१०)

नमस्कार. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी पुढच्या आठवड्यात माहेरी येत आहे. डॉक्टरांनी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली आहे. तिच्याच लहानपणीचा सागवानी, कठड्याचा पलंग मी माळ्यावरून काढला, पॉलिश करून घेतला, महिनाभर खपून सजवला आणि त्याचा फोटो तिला पाठवला. तिचे उत्तर आले, "आई, पलंग फार सुंदर दिसतो आहे, पण यातले सगळे काढल्याशिवाय मी बाळाला त्यात झोपवणार नाही."

फोटो सोबत जोडला आहे. मोबाईलवर नीट दिसणार नाही म्हणून आत काय आहे ते लिहिते. खाली नव्याने पिंजून भरलेली कापसाची गादी आहे. उशाला मी स्वतः शिवलेली मोहरीची उशी आहे. दोन्ही बाजूंना दोन लहान लोड आहेत. कठड्याच्या आतून चारही बाजूंना कापूस भरलेली झालर फितींनी बांधली आहे. पायथ्याशी एक कापडी हत्ती, एक ससा आणि घडी केलेली दोन जाड दुपटी आहेत. वर चिमणाळे टांगले आहे.

मुलीचे म्हणणे मला टाकून द्यायचे नाही, पण यातली प्रत्येक गोष्ट आमच्या घरी तीन पिढ्या वापरली गेली आहे. म्हणून जाणकारांनी फोटो पाहून स्पष्ट सांगावे की नेमके काय धोक्याचे आहे आणि का. "हल्ली असे नसते" एवढ्याने माझे समाधान होणार नाही.

---

निखिल_ठाणे (९:३२)

काकू, हत्ती फारच गोड आहे. आमची मुलगी असाच ससा घेतल्याशिवाय झोपत नाही आणि तिला आजवर काही झालेले नाही. फक्त खेळणे दर आठवड्याला गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा, कारण त्यात धूळ साठते आणि त्यामुळे शिंका येतात. एवढे पाळले तर मला काही अडचण दिसत नाही.

---

तेजश्री_के (९:४०)

निखिल, तुमची मुलगी किती वर्षांची आहे?

---

निखिल_ठाणे (९:४४)

अडीच वर्षांची. का बरे?

---

तेजश्री_के (९:५१)

कारण वसुधाताईंचा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच्या बाळाचा आहे. अडीच वर्षांचे मूल तोंडावर आलेले खेळणे झोपेतही बाजूला सारते. सहा आठवड्यांच्या बाळाला ते जमत नाही. धुळीचा मुद्दा चुकीचा नाही, पण तो इथला मुद्दा नाही.

---

नवजात_परिचारिका (१०:२५)

वसुधाताई, मी एकोणीस वर्षे नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम केले आहे. घरी जाणाऱ्या प्रत्येक आईशी मी या विषयावर बोलते, म्हणून सविस्तर लिहिते.

असा फोटो पाहताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारते : बाळाचे तोंड या जागी वळले आणि दहा मिनिटे तिथेच राहिले, तर त्याच्या नाकासमोर काय येईल, आणि ते बाळाला स्वतःहून दूर करता येईल का? तुमच्या फोटोत मी ही नजर उशापासून पायथ्यापर्यंत फिरवली. एकही जागा अशी सापडली नाही की जिथे नाकासमोर फक्त हवा आहे.

आधी उशीबद्दल. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते आणि मागचा भाग फुगीर असतो. सपाट गादीवर उताणे झोपवले तर मान सरळ राहते. डोक्याखाली उशी आली की हनुवटी छातीकडे झुकते. मोठ्या माणसाची श्वासनलिका कडक असते, बाळाची मऊ आणि अरुंद असते, त्यामुळे मान थोडी दुमडली तरी हवेचा मार्ग आवळला जातो. बाळ रडत नाही, धडपडत नाही, शांत झोपलेले दिसते. म्हणूनच जवळ बसलेल्या माणसालाही ते लवकर कळत नाही.

आता लोड, झालर आणि खेळणी. बाळाचे नाक मऊ वस्तूत रुतले की त्याने सोडलेला श्वास तिथेच कोंडतो आणि तोच पुन्हा आत जातो. दर श्वासाला त्यात कर्बवायू वाढतो आणि प्राणवायू घटतो. बहुतेक बाळे अशा वेळी दचकून जागी होतात आणि तोंड फिरवतात. काही बाळांमध्ये, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, हे जागे होणे वेळेवर घडत नाही. कोणत्या बाळात घडणार नाही हे आधी ओळखण्याची सोय आपल्याकडे नाही. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात हा धोका सर्वांत जास्त असतो. म्हणजे "पहिला महिना काही झाले नाही" यावरून पुढचा अंदाज बांधता येत नाही.

म्हणून माझे उत्तर मुलीच्या बाजूचे आहे. उशी, दोन्ही लोड, झालर, हत्ती, ससा आणि दुपटी काढा. टणक सपाट गादी, तिच्यावर घट्ट बसवलेली चादर आणि उताणे झोपलेले बाळ, एवढेच पलंगात असावे. रात्रीही आणि दुपारच्या झोपेलाही. खेळणी साधारण वर्षाचे झाल्यावर आत येऊ शकतात.

गादीबद्दल मला शंका आहे, पण ती फोटोवरून सुटणार नाही. तळहात गादीच्या मधोमध ठेवून जोर देऊन दाबा आणि उचला. खड्डा राहतो का ते कळवाल का?

---

अण्णा_पन्हाळा (११:०२)

परिचारिकाबाईंचा अनुभव मोठा आहे, तरी एका गोष्टीला माझा विरोध आहे. बाळ दूध पिऊन झोपते आणि झोपेत गुळणी काढते. उताणे असेल तर ते दूध श्वासनलिकेत जाणार. म्हणूनच आमच्याकडे बाळाला कुशीवर झोपवून पाठीशी आणि पोटाशी लोड लावत. लोड शोभेसाठी नव्हते, त्यामागे विचार होता. माझी चार भावंडे आणि दोन मुले अशीच वाढली.

---

नवजात_परिचारिका (११:३०)

अण्णा, लोडामागे विचार होता हे मला मान्य आहे. तुमची काळजीही खोटी नाही, गुळणी खरोखर येते. फक्त आत काय घडते ते उलटे आहे. बाळ उताणे असते तेव्हा श्वासनलिका वरच्या बाजूला असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेले दूध अन्ननलिकेच्या तोंडाशी साठते. श्वासनलिकेत जायला त्याला चढावे लागते. बाळ ते गिळते किंवा खोकून बाहेर टाकते. पालथे केले की श्वासनलिका खाली येते आणि दुधाला उतार मिळतो.

कुशीवर झोपवण्याची अडचण अशी की ती स्थिती टिकत नाही. बाळ कुशीवरून उताणे होते तसेच पालथेही होते, आणि पालथे झाल्यावर तोंड थेट पुढच्या लोडात जाते. म्हणजे ज्या लोडाने थांबवायचे, तोच नाकासमोर येतो. इंग्लंडमध्ये १९९१ च्या अखेरीस आणि अमेरिकेत १९९४ पासून "बाळाला उताणे झोपवा" अशी देशव्यापी मोहीम झाली. त्यानंतरच्या वर्षांत झोपेतले अचानक मृत्यू दोन्हीकडे निम्म्याहून खाली आले. गुळणीने गुदमरण्याचे प्रमाण मात्र त्यामुळे वाढले नाही.

दूध पाजल्यावर बाळाला खांद्यावर उभे धरून ढेकर काढा आणि मग उताणे ठेवा. बाळ दोन्ही बाजूंनी आपले आपण वळू लागले की झोपेत त्याने घेतलेली कूस बदलत बसू नये. ठेवताना मात्र उताणेच ठेवावे.

---

अण्णा_पन्हाळा (११:४१)

श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली, हे मला माहीत नव्हते. लोडाबद्दल मी माझे म्हणणे मागे घेतो. मोहरीच्या उशीबद्दल अजून मन तयार नाही, कारण तिच्याशिवाय डोके मागून चपटे होते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

---

तेजश्री_के (११ डिसेंबर, सकाळी ७:१५)

अण्णा, ते चपटे डोके माझ्या मुलाचे होते, म्हणून त्यावर मी लिहिते.

तिसऱ्या महिन्यात त्याचे डोके उजव्या बाजूने मागून स्पष्ट चपटे दिसू लागले. सासूबाईंनी मोहरीची उशी आणली, शेजारच्या वहिनींनी मध्ये भोक असलेली बाजारातली उशी दिली. लसीकरणाला गेलो तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी दोन्ही काढायला सांगितल्या. त्यांनी आधी एकच गोष्ट पाहिली : बाळ दोन्ही बाजूंना मान सारखी वळवते का? आमचा मुलगा डावीकडे मान नेतच नव्हता, कारण मानेचा एक स्नायू आखडलेला होता. उशीने ते कधीच सुटले नसते, उलट झाकले गेले असते.

त्यांनी मानेचे हलके व्यायाम शिकवले. पलंगात एका रात्री डोके एका टोकाला आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या टोकाला ठेवायला सांगितले. दाराच्या दिशेने बघायची त्याला सवय होती, त्यामुळे टोक बदलले की मान आपोआप दुसरीकडे वळे. शिवाय जागेपणी, आम्ही समोर असताना, दिवसातून चार-पाच वेळा थोडा थोडा वेळ पालथे ठेवायचे होते. सातव्या महिन्यात तो बसू लागला आणि त्यानंतर डोके भराभर गोलावले. आता तीन वर्षांचा आहे, केसांतून काही दिसत नाही.

डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानेही २०२२ मध्ये दिला आहे. मोहरी भरली आहे की फोम, याने फरक पडत नाही.

---

मिलिंद_लाकूडकाम (सकाळी ८:४०)

मी वैद्यकीय माणूस नाही, फर्निचर बनवतो. वसुधाताई, सगळे जण फोटोतल्या मऊ वस्तूंबद्दल बोलत आहेत. माझी नजर मात्र त्या वस्तूंमागे काय झाकले आहे तिकडे गेली.

झालरीच्या वर कठड्याच्या पट्ट्या दिसतात. लांब बाजूला मी १० पट्ट्या मोजल्या. असे जुने पलंग साधारण चार फूट, म्हणजे १२० सेंटीमीटर लांब असत. पट्टी साडेतीन सेंटीमीटर रुंद धरली तर दहा पट्ट्यांचे ३५ सेंटीमीटर होतात. उरलेले ८५ सेंटीमीटर ११ फटींत वाटले तर प्रत्येक फट पावणेआठ सेंटीमीटरच्या आसपास येते. हा अंदाज आहे, पण बरोबर निघाला तर फट मोठी आहे. ती ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावी. त्याहून मोठ्या फटीतून बाळाचे पाय आणि धड बाहेर सरकते, डोके मात्र अडकते.

माझा तर्क असा की ती झालर पूर्वी बांधली गेली, ती बहुधा याच फटींसाठी. तसे असेल तर नुसती झालर काढून भागणार नाही. सगळ्या वस्तू काढा, मोजपट्टी घ्या आणि रिकाम्या पलंगाचे दोन फोटो टाका, एक वरून आणि एक बाजूने. गादी आणि कठडा यांच्यामधली जागाही चारही बाजूंनी मोजा. तिथे दोन बोटांपेक्षा जास्त जाता कामा नये.

---

रश्मी_लेस्टर (दुपारी १:२०)

मी इंग्लंडमध्ये राहते, माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. बाकी सर्व मान्य आहे, पण दुपट्यांबद्दल थोडे वेगळे सांगते. इथे आरोग्य सेवेच्या दाईने मला पातळ पांघरुणाला पूर्ण मनाई केली नव्हती. बाळाचे पाय पलंगाच्या पायथ्याला टेकतील इतके खाली ठेवायचे, पांघरूण खांद्यांच्या खालीच राहील असे तिन्ही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचायचे, आणि खोलीचे तापमान १६ ते २० अंशांच्या दरम्यान ठेवायचे, असे तिने दाखवले. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या बहिणीला मात्र तिथल्या डॉक्टरांनी वर्षभर कोणतेही सुटे पांघरूण नको असे सांगितले. त्यामुळे दुपटे म्हणजे धोकाच, असे सरसकट म्हणता येईल का?

---

नवजात_परिचारिका (दुपारी ३:०५)

रश्मी, तुमची माहिती बरोबर आहे आणि हा फरक खराच आहे. तुम्ही सांगितलेली पद्धत तिथल्या पातळ, विणलेल्या पांघरुणासाठी आहे. ते गादीखाली खोचता येते. वसुधाताईंच्या फोटोतली दुपटी जाड आहेत आणि पायथ्याशी सुटी ठेवलेली आहेत. बाळ पाय झाडते तसे सुटे दुपटे वर येते, चेहऱ्यापर्यंत. खोचण्याचे काम रात्री तीन वाजता, झोपमोड झालेल्या आईकडून दर वेळी नीट होईल असे मी गृहीत धरत नाही. म्हणून मी आयांना अंगात घालायची, बिनबाह्यांची, खांद्यांवर बंद होणारी झोपपिशवी सुचवते. गळा इतका मोठा नसावा की बाळ आत सरकेल.

---

वसुधा_मिरज (संध्याकाळी ६:५०)

सर्वांचे मनापासून आभार. आज दुपारी पलंग पूर्ण रिकामा केला. जे आढळले ते जसेच्या तसे लिहिते, दोन्ही फोटोही जोडले आहेत.

मिलिंद यांचा अंदाज जवळजवळ तंतोतंत निघाला. फटी साडेसात ते आठ सेंटीमीटरच्या आहेत. एका ठिकाणी पट्टीचा खालचा सांधा सुटला आहे. तिथे हाताने ढकलले की फट नऊ सेंटीमीटरपर्यंत वाढते. झालरीची फीत नेमकी त्याच पट्टीला बांधली होती, त्यामुळे ती घट्ट वाटत होती.

दुसरी गोष्ट पाहून मला अधिक वाईट वाटले. गादी पलंगापेक्षा आखूड आहे. पायथ्याकडे माझी चार बोटे आडवी सहज बसतात. दुपट्यांच्या घड्या मी हौसेने ठेवल्या असे मला वाटत होते. आज लक्षात आले की ती फट दिसू नये म्हणूनच माझा हात आपोआप तिकडे गेला असावा.

तळहाताचा प्रयोगही केला. हात उचलल्यावर गादीवर पाचही बोटांसकट ठसा राहिला आणि चहा करून परत आले तरी तो तसाच होता.

तिसऱ्या पिढीचा पलंग म्हणून मला अभिमान होता. माझी मुलगी यात वाढली तेव्हा मी एकत्र कुटुंबात होते आणि दिवसभर ती कोणा ना कोणाच्या मांडीवर असे. पलंगात ती किती वेळ झोपली असेल, हे आता आठवून पाहिले तर फारच थोडा. हा विचार मी आधी केला नव्हता.

---

निखिल_ठाणे (रात्री ८:१२)

काकू, काल मी प्रश्न नीट न वाचता उत्तर दिले, त्याबद्दल दिलगीर आहे. एक विचारतो. दुकानांच्या जाहिरातींत आणि मासिकांत तर सगळीकडे असेच फोटो असतात, उशी, टेडी आणि रजई घेऊन झोपलेले बाळ. मग ते सगळे चुकीचे कसे?

---

नवजात_परिचारिका (८:४५)

निखिल, अमेरिकेत तरुण आयांसाठीच्या मासिकांतले असे फोटो एकेक करून तपासले गेले होते आणि तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपलेल्या बाळांपैकी एक तृतीयांशाहून अधिक बाळे चुकीच्या स्थितीत दाखवली होती. झोपायच्या जागांपैकी जवळपास दोन तृतीयांश जागा असुरक्षित होत्या. फोटो काढणाऱ्याला चौकट भरलेली हवी असते आणि बाळाला रिकामी जागा हवी असते. शिवाय फोटोतले बाळ पाच मिनिटे तिथे असते आणि भोवती चार माणसे असतात. बारशाच्या फोटोसाठी हत्ती जरूर ठेवा, पण बाळाचे डोळे मिटायला लागले की हत्ती बाहेर.

आणि दुकानात विकतात म्हणजे तपासलेले असते, असेही धरू नका. कठड्याला बांधायची भरीव झालर अमेरिकेत वर्षानुवर्षे पलंगाच्या संचातच येत असे. तिथल्या संसदेने २०२२ मध्ये तिच्या विक्रीवर कायद्याने बंदी घातली.

---

मिलिंद_लाकूडकाम (९:३०)

वसुधाताई, नवे फोटो पाहिले. लाकूड उत्तम आहे, पलंग टाकून देण्याची गरज नाही. पण आत्ता आहे तसा तो बाळासाठी वापरू नका.

फटींमध्ये एकेक जादा पट्टी ठोकून घेऊ नका. तसे केले तर फट दोन सेंटीमीटरच्या आसपास उरते आणि त्यात हातपाय अडकण्याची भीती राहते. पट्ट्या काढून नव्याने समान अंतरावर बसवायच्या. बारा पट्ट्या घेतल्या तर फट बरोबर ६ सेंटीमीटर येते, पण सुताराच्या हाताला दोन-चार मिलीमीटरचे मागेपुढे होतेच. म्हणून लांब बाजूला १३ पट्ट्या घ्या, फट सव्वापाचच्या किंचित वर येईल. आखूड बाजूंनाही हेच गणित करा. पट्टी खिळ्याने वरून ठोकलेली नको, वरच्या आणि खालच्या दांडीत खाच पाडून बसवलेली हवी. काम झाल्यावर प्रत्येक पट्टी मुठीत धरून पिळून पाहा, ती जराही फिरता कामा नये.

गादी मात्र नवी करावी लागेल. आतल्या मापाची, काथ्याची किंवा दाट फोमची, जाडी चार इंचांपर्यंत पुरे. माप गादीवाल्याला तोंडी सांगू नका. कागद पलंगाच्या तळाशी अंथरून कापून न्या.

---

अण्णा_पन्हाळा (१०:०५)

एक प्रश्न राहिला आहे. जानेवारीत मिरजेला पहाटे चांगली थंडी असते. बाळाला टोपडे बांधायचे की नाही? इथे कोणी त्याबद्दल बोलले नाही आणि आमच्याकडे कान उघडे ठेवलेले बाळ कोणी पाहू शकत नाही.

---

रश्मी_लेस्टर (१०:४०)

इथे घरात झोपताना टोपी घालू नका असे स्पष्ट सांगतात. बाळ जादाची उष्णता डोक्यावाटे बाहेर टाकते. टोपी घातली की ते तापते, आणि टोपी सरकली तर ती नाकावर येते.

---

माधवी_आशा (१२ डिसेंबर, सकाळी ६:३०)

मी आशा कार्यकर्ती आहे. आम्हाला गृहभेटीच्या प्रशिक्षणात नवजात बाळाचे डोके झाकून ठेवायला शिकवले आहे. कमी वजनाची बाळे पहिल्या काही दिवसांत थंडीने गार पडतात आणि ते त्यांच्या जिवावर बेतते. खेड्यातल्या घरात खोली गरम नसते. रश्मीताईंच्या घरातले नियम इथे तसेच्या तसे लावले तर माझ्या भागातल्या बाळांचे नुकसान होईल.

---

नवजात_परिचारिका (७:५०)

माधवीताई, तुमचे म्हणणे मी मनावर घेते, कारण गार पडलेली बाळे मीही हातात घेतली आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या बाळांना लागू पडतात. कमी दिवसांचे, अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ आणि गार खोली असेल तर टोपडे हवे, आणि ते कधी थांबवायचे हे डॉक्टरांना विचारावे. पूर्ण दिवसांचे, चांगल्या वजनाचे, काही आठवड्यांचे बाळ बंद खोलीत झोपत असेल तर टोपडे काढावे. मधल्या बाळांबाबत माझे सहकारीही एकमताचे नाहीत.

घरी बघायचे कसे, ते सांगते. हातपाय पाहून ठरवू नका, ते गारच लागतात. दोन बोटे मानेच्या मागे, कपड्यांच्या आत घाला. तिथे ओल किंवा घाम लागला तर एक थर कमी करा, गार लागले तर एक थर वाढवा. टोपडे घालायचेच असेल तर सैल, सरकणारे नको. हनुवटीखाली लांब बंद असलेले तर मुळीच नको, ते गळ्याशी आवळतात. गळ्यातल्या काळ्या दोऱ्यालाही हेच लागू आहे, तो झोपताना काढून ठेवावा.

---

माधवी_आशा (८:०५)

मानेमागे हात घालून पाहणे मी माझ्या भेटींत दाखवीन. काळ्या दोऱ्याचे मात्र घरात सांगणे सोपे नाही. आजी असतील तर आधी आजींना पटवावे लागते.

---

तेजश्री_के (८:२०)

आमच्या घरी दोरा गळ्याऐवजी पलंगाच्या बाहेरच्या खुंटीला बांधला. सासूबाईंना चालले. सगळ्यांकडे चालेल असे नाही.

---

वसुधा_मिरज (१५ डिसेंबर, संध्याकाळी ५:३०)

सुतार आजच पट्ट्या घेऊन गेले. १३ पट्ट्यांचे गणित त्यांना कागदावर लिहून दिले, त्यांनी दोनदा मोजून होकार दिला. काथ्याची गादी कागदाच्या मापाने सांगितली आहे. काम पुरे व्हायला दहा-बारा दिवस लागतील. तोवर बाळ आले तर काय, असा प्रश्न होता. मुलीने जमिनीवर, आपल्या अंथरुणाच्या शेजारी, पण वेगळ्या टणक गादीवर बाळाला झोपवायचे ठरवले आहे.

चिमणाळे ठेवले आहे, पण बाळाच्या हाताच्या खूप वर आणि पक्क्या आकड्याला. बाळ हातागुडघ्यांवर उठू लागले की तेही काढणार. मोहरीची उशी मी उसवली नाही. मुलगी म्हणाली, ती बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला दे. तेव्हा ती आणि हत्ती दोन्ही कपाटात, वरच्या फळीवर ठेवले आहेत.

परिचारिकाताई, एक शेवटचे विचारते. मिरजेत डास फार आहेत. बाजारात गादी आणि उशीसकट मिळणारी, छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी जमिनीवरच्या गादीवर ठेवली तर चालेल का?

---

नवजात_परिचारिका (७:१०)

जाळी चालेल, तिच्यासोबतची गादी आणि उशी नाही. ती गादी बहुतेक वेळा पातळ फोमची, मधे खोलगट आणि कडेने फुगीर असते. खालची गादी काढता येणारी, नुसती जाळी असलेली छत्री घ्या आणि ती तुमच्या टणक गादीवर अशी ठेवा की जाळीची कड गादीच्या बाहेर जमिनीवर टेकेल. जाळी ताणलेली हवी. आतल्या बाजूला झोळ पडत असेल आणि बाळाचा हात तिला लागत असेल, तर ती लहान पडते आहे. जाळी लावल्यावर आत वाकून एकदा बाळाच्या उंचीवरून पाहा. तुमची मुलगी आली की रिकाम्या गादीचा आणि जाळीचा फोटो इथे टाका, मी बघते.

---

वसुधा_मिरज (७:२२)

टाकते. ती परवा सकाळच्या गाडीने येत आहे.